बाबांचा क्लेम ‘आधीचा आजार लपवला’ म्हणून नाकारला, काय करू?

विश्रामबागकर: सांगलीतल्या हॉस्पिटलात ऑक्टोबर २०२५ मध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली. बिल २ लाख १८ हजार. पॉलिसी ऑगस्ट २०२१ पासून, एकही हप्ता चुकलेला नाही. डिस्चार्ज कार्डावर ‘बीपी ५ वर्षांपासून’ लिहिलंय, तेवढ्यावर कंपनीने नाकारलं. ती ओळ रात्री अ‍ॅडमिट करताना निवासी डॉक्टरने आईला विचारून लिहिली. आई घाबरलेली, म्हणाली, “असेल चार-पाच वर्षं.”

मिरजेचा दादा: तीन वर्षं झाली की आधीचा आजारही कव्हर होतो. त्यांना द्यावंच लागेल.

कराडची माई: माझ्या सासूबाईंचा मोतीबिंदूचा क्लेमही असाच गेला. दोन वर्षं थांबा म्हणाले.

जुना क्लेमवाला: माई, तो ठरावीक ऑपरेशनचा वेटिंग पिरियड, ही भानगड वेगळी. दादा, तीन वर्षांचं बरोबर, पण ते पॉलिसी घेताना फॉर्ममध्ये सांगितलेल्या आजाराला. इथे आरोप लपवल्याचा आहे. साठ महिने सलग पॉलिसी झाली असती तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय हा मुद्दा काढताच आला नसता. यांचे पन्नासच झालेत.

तरी लपवलं हे कंपनीनेच दाखवायचं असतं. २०२१ च्या आधीची चिठ्ठी, केस पेपर, रिपोर्ट, असं काहीतरी हवं. ऐकीव हिस्टरीच्या एका ओळीवर हे सिद्ध होत नाही, असं ग्राहक आयोगांनी अनेकदा म्हटलंय. त्यामुळे ईमेलने तीन गोष्टी मागा: पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली नाकारलं, कोणत्या कागदाच्या आधारावर, आणि क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी होती का. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे त्या मंजुरीशिवाय क्लेम नाकारता येत नाही आणि पत्रात अटीचा नेमका संदर्भ द्यावाच लागतो.

सोबत प्रपोजल फॉर्मची प्रत मागा. बीपीचा प्रश्न कसा विचारला होता ते बघा. आणि बाबांना पहिल्यांदा बीपीची गोळी देणाऱ्या डॉक्टरांकडून तारखेसह दाखला घ्या. डिस्चार्ज कार्ड मात्र खाडाखोड करून बदलून घेऊ नका, संशय उलट वाढतो.

विश्रामबागकर: पत्रात नुसतं ‘नॉन-डिस्क्लोजर’ आहे, कलम नाही. फॉर्म एजंटने भरला, बाबांनी सही केली. एक खरं सांगतो, २०२० मध्ये कोविडच्या वेळी फॅमिली डॉक्टरांनी पंधरा दिवस बीपीची गोळी दिली होती. नंतर बीपी नॉर्मल, गोळी बंद. पुन्हा सुरू झाली २०२३ ला.

जुना क्लेमवाला: हे सांगितलंत ते बरं केलंत. मग ‘कधीच नव्हतं’ असं कुठेही लिहू नका. पॉलिसीआधीच्या ३६ महिन्यांत उपचार झाला की तो आधीचा आजार धरतात, आणि २०२० त्यात बसतं. पंधरा दिवसांची गोळी म्हणजे बीपीचा आजारच, की त्या तापातलं तात्पुरतं वाढणं, यावर वाद होईल. फॅमिली डॉक्टरांच्या जुन्या नोंदी काढा, बंद केल्याची तारीख मिळाली तर तीच तुमची बाजू.

मिरजेचा दादा: एजंटने भरला म्हणजे चूक एजंटची ना?

जुना क्लेमवाला: सही बाबांची आहे, नुसतं तेवढ्यावर सुटका नाही. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याचे विमा लोकपाल. सांगली-सातारा त्यांच्याकडेच येतं. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या शेवटच्या नकारापासून वर्षाच्या आत जा.

विश्रामबागकर: ईमेल आज रात्रीच टाकतो. डॉक्टरांचं जुनं रजिस्टर मिळतंय का, ते उद्या सकाळी दवाखान्यात जाऊन बघतो.