मदत हवी आहे: सप्लिमेंटच्या प्रॉडक्ट पेजवरची अतिशयोक्ती कमी करायचीय, पण मजकूर अगदी मेलेला नको

कॉपीवाली:
मंडळी, एका क्लायंटची झिंक आणि व्हिटॅमिन डीची गोळी आहे, तिचं वर्णन लिहायचं काम माझ्याकडे आलंय. एका गोळीत 10 मिलिग्रॅम झिंक, 10 मायक्रोग्रॅम डी3, बस एवढंच. त्यांनी दिलेला मजकूर असा आहे:

"सर्दी-फ्लूला कायमचा रामराम! क्लिनिकली प्रूव्हन, 100% नैसर्गिक, कोणतेही साइड इफेक्ट नाहीत. इम्युनिटी सात दिवसांत दुप्पट!"

त्यांच्या लीगलवाल्याने सगळ्यावर लाल रेघ मारलीय आणि क्लायंट म्हणतो जान काढू नका. कुठून सुरुवात करू?

टॅगलाईन_राजा:
सोपं आहे ताई, सगळीकडे "मदत करू शकते" टाका आणि खाली स्टार मारून बारीक अक्षरात "परिणाम व्यक्तीनुसार बदलू शकतात". झालं काम, आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो.

लेबलतपासनीस:
राजा, दिशा बरोबर आहे पण अर्धीच. "सर्दी बरी करते"चं "सर्दी बरी करण्यास मदत करू शकते" केलं तरी आजाराचं नाव तिथेच बसलंय ना, आणि बहुतेक ठिकाणी औषध नसलेल्या वस्तूने आजार टाळण्याचा किंवा बरा करण्याचा दावा केला की तपासणारा तिथेच थांबतो, क्रियापद कितीही मऊ करा. आणि बारीक अक्षरातली तळटीप वरचा दावा खोडू शकत नाही, लोकांच्या डोक्यात एकूण काय छाप पडते ते बघतात.

कॉपीवाली, एकेक दावा घ्या आणि विचारा, पुरावा कशाचा आहे. "क्लिनिकली प्रूव्हन" म्हणजे काय? सर्दीवरच्या झिंकच्या ज्या ट्रायल लोक दाखवतात त्यात बऱ्याचदा तोंडात चघळत विरघळवायच्या गोळ्या होत्या, दिवसाला 75 मिलिग्रॅमच्या वर, आणि प्रश्न होता सर्दी किती दिवस टिकते हा. तुमची गोळी गिळायची, 10 मिलिग्रॅमची. डोस वेगळा, प्रकार वेगळा, प्रश्नही वेगळा, मग तो पुरावा तुमच्या गोळीचा कसा? क्लायंटला पेपर मागा आणि डोसचा रकाना उघडून त्याच्या समोर ठेवा, वाद तिथेच मिटतो.

"साइड इफेक्ट नाहीत" तर सरळ काढाच. रिकाम्या पोटी झिंक घेतलं की काहींना मळमळतं, जास्त डोस बरेच दिवस घेतला तर शरीरात तांबं कमी पडतं. त्यापेक्षा "जेवणानंतर घ्या, सांगितलेल्या प्रमाणापेक्षा जास्त नको" लिहा, ते खरंही आहे आणि वाचणाऱ्याच्या कामाचंही.

कॉपीवाली:
हे भारी आहे, डोसचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. पण "नैसर्गिक"मध्ये काय प्रॉब्लेम? ते तर सगळेच लिहितात.

लेबलतपासनीस:
झिंक ज्या क्षाराच्या रूपात येतं तो कारखान्यात तयार होतो, आणि डी3 बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनपासून बनवतात. मग 100% कशाचं? आणि कोणी हौसेने "व्हीगन" लिहीत असेल तर डी3 कुठून आलंय ते सप्लायरकडून लेखी घ्या आधी.

"दुप्पट" पण गेलं. इम्युनिटी मोजायचा एकच आकडा नसतो, मग दुप्पट काय झालं?

एसआयपी_काका:
माझ्याकडे एका फंडाचं माहितीपत्रक आलंय, पाच वर्षांत पैसे दुप्पट असं लिहिलंय. घेऊ का?

लेबलतपासनीस:
काका, धागा गोळ्यांचा आहे, घ्यायचं की नाही ते मी सांगणार नाही 😄 पण खोड तीच आहे. पाच वर्षं मोजायला सुरुवात कुठल्या तारखेला केलीय ते बघा, बाजार तळाला असताना मोजायला घेतलं की कुठलाही फंड हुशार दिसतो. सुरुवात वर्षभर इकडेतिकडे सरकवून आकडा किती हलतो ते बघा.

कॉपीवाली:
ओके, नवीन मजकूर बघा:

"एका गोळीत 10 मिलिग्रॅम झिंक आणि 10 मायक्रोग्रॅम (400 आययू) व्हिटॅमिन डी3. दोन्ही घटक रोगप्रतिकारक यंत्रणेचं काम नॉर्मल चालायला हातभार लावतात. रोज एक गोळी, जेवणानंतर. आणखी कुठलं सप्लिमेंट घेत असाल तर त्यातलं झिंकही मोजा."

लेबलतपासनीस:
छान. युरोपात या दोन्ही घटकांसाठी जवळपास हीच वाक्यरचना मंजूर आहे, फक्त घटकाचं ठरलेलं किमान प्रमाण लागतं. तुमचं पेज जिथे विकणार तिथली यादी मात्र स्वतः तपासा, एका देशात चालतं ते दुसऱ्यात चालेलच असं नाही. आणि शेवटचं वाक्य क्लायंट कापायला बघेल, कापू देऊ नका.

टॅगलाईन_राजा:
पण हे वाचून विकत कोण घेणार, सांगा ना? ग्राहकांचे रिव्ह्यू तरी टाकू द्या, ते आपण थोडंच लिहितो.

लेबलतपासनीस:
"माझा दमा गेला" असा रिव्ह्यू निवडून तुम्ही पेजवर लावला की तो तुमचाच दावा झाला. चव, पॅकिंग, गोळी गिळायला सोपी आहे का, यावरचे खुशाल लावा.

कॉपीवाली:
आणि जे रिव्ह्यू लोक आपणहून खाली टाकतात, आम्ही निवडलेले नाहीत, त्यांचं काय? लीगलवाला म्हणतो सगळे बंद करा, क्लायंट म्हणतो हात लावायचा नाही. कोणाला अनुभव आहे का?