94 टक्के सरकारकडे, तरी बँक खाजगी कशी?

सेलूकर: पुतणीला स्थळ आलंय. मुलगा जालन्याला आयडीबीआय बँकेत आहे. मध्यस्थ म्हणतो सरकारी नोकरी, आमचे दाजी म्हणतात खाजगी. सरकार आणि एलआयसी मिळून 94 टक्के शेअर असल्याचं वाचलं. मग ही बँक खाजगी कशी काय?

लातूरचा दुकानदार: दाजी चुकायलेत. 51 टक्क्यांच्या वर सरकार असलं की सरकारी, कायदाच तसा आहे. आणि एलआयसी काय परक्याची आहे का? बँकेचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक बघा, L65190MH2004GOI148838. मधे GOI, म्हणजे भारत सरकार, स्पष्ट लिहिलंय.

निवृत्त लेखापरीक्षक, नांदेड: 51 चा आकडा बरोबर आहे, पण ते 51 टक्के कोणाच्या नावावर हवेत तेही कायद्यात लिहिलेलं आहे. 2013 च्या कंपनी कायद्यात केंद्राचे किंवा राज्यांचे स्वतःचे शेअर मोजतात. नाहीतर ती कंपनी दुसऱ्या एखाद्या सरकारी कंपनीची उपकंपनी असावी लागते. एलआयसी या दोन्हींत बसत नाही. ती 1956 च्या वेगळ्या कायद्याने झालेलं महामंडळ आहे. डिसेंबर 2020 च्या शेअरविक्रीनंतर केंद्राकडे 45.48 आणि एलआयसीकडे 49.24 टक्के राहिले. बेरीज 94.72 होते, पण त्यातले मोजायचे फक्त 45.48. एलआयसीने 51 टक्के घेतले तेव्हाच, म्हणजे 21 जानेवारी 2019 पासून, रिझर्व्ह बँकेने आयडीबीआयला खाजगी बँकांत धरलं.

याच्या उलट हिंदुस्थान पेट्रोलियम बघा. जानेवारी 2018 मध्ये केंद्राने आपले सगळे 51.11 टक्के ओएनजीसीला विकले. केंद्राच्या नावावर आज तिथे काही नाही, तरी ती सरकारीच आहे, कारण ओएनजीसी स्वतः सरकारी कंपनी आहे.

सीआयएनवर एवढा भरवसा ठेवू नका. ती अक्षरं नोंदणीच्या वेळची असतात, मालकी बदलली म्हणून आपोआप बदलत नाहीत. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल तर दर तिमाहीला जाहीर होणारा भागधारकांचा तक्ता काढा आणि प्रवर्तकांच्या रकान्यात ‘भारताचे राष्ट्रपती’ हे नाव शोधा. केंद्राचे शेअर त्याच नावावर असतात. त्यापुढचा आकडा खरा.

बीडकर: सरकारी-खाजगीचं काही खरं नाही हो. माझे साडेचार लाख आमच्याकडच्या एका मल्टिस्टेट पतसंस्थेत अडकलेत. दुकानाएवढ्या पाटीवर ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ लिहिलं होतं. आईच्या ऑपरेशनला पैसे काढायला गेलो तर शटर खाली.

निवृत्त लेखापरीक्षक, नांदेड: भाऊ, वाचून वाईट वाटलं. पण तिथे सरकारचा एक पैसाही नसतो. दिल्लीतल्या सहकार निबंधकाकडे नोंदणी झाली एवढाच त्या पाटीचा अर्थ. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, मग ती सरकारी असो, खाजगी असो की सहकारी बँक. पतसंस्थेला तो नाही. ठेवीदाराने आधी हे बघावं, मालक कोण ते नंतर.

संभाजीनगरहून, वकील: काका, कंपनी कायद्यापुरतं तुमचं मान्य. पण संचालक मंडळावर माणसं कोणाच्या मतांनी जातात? एलआयसी कोणाची? केंद्राचीच. माहिती अधिकार कायद्यात 51 हा आकडाच नाही. त्यात मालकी, नियंत्रण आणि भरीव अर्थसाहाय्य असे शब्द आहेत. नियंत्रण हातात ठेवायचं आणि जाब विचारला की ‘आम्ही खाजगी’ म्हणायचं, हे मला पटत नाही.

निवृत्त लेखापरीक्षक, नांदेड: ताई, नियंत्रणाचा तुमचा मुद्दा मी खोडत नाही. अर्धवट मालकीत सगळा प्रश्न तोच असतो. बाल्को ही अॅल्युमिनियमची कंपनी घ्या. 2001 मध्ये 51 टक्के स्टरलाइट या खाजगी कंपनीला गेले, 49 केंद्राकडे राहिले. ज्या ठरावाला 75 टक्के मतं लागतात तो 49 वाला अडवू शकतो, पण कारखाना त्याच्या शब्दावर चालत नाही. आयडीबीआयमध्ये उलटं आहे. चालवायची ताकद सरकारच्या दोन हातांत मिळून आहे आणि शिक्का खाजगीचा.

लातूरचा दुकानदार: मग मी तरी काय वेगळं म्हणत होतो? ताकद सरकारची, तर बँक सरकारची.

निवृत्त लेखापरीक्षक, नांदेड: ताकद आणि दर्जा या दोन गोष्टी आहेत, मी एवढंच म्हणतोय. सेलूकर, नोकरीपुरतं सांगतो. स्टेट बँकेतला कारकूनसुद्धा सरकारी कर्मचारी नसतो, तो बँकेचा कर्मचारी असतो. मुलगा कायम आहे की करारावर, आणि करार किती वर्षांचा, हे विचारा. नेमणूकपत्र बघायला मागितलं तर त्यात वावगं काही नाही.

सेलूकर: मध्यस्थाला आत्ताच फोन केला. कायम की करारावर, ते त्यालाच माहीत नाही. रविवारी पाहुणे येणार आहेत, मुलालाच विचारतो.

संभाजीनगरहून, वकील: काका, माहिती अधिकाराचं उत्तर राहिलं. तुमच्या मते अर्ज केला तर तो टिकेल का?