उलटं की सरळ? आणि दट्ट्या किती वेगानं दाबायचा?

चिकोडी: फिरतीची नोकरी आहे, म्हणून लॉजवर कॉफी करायला एरोप्रेस घेतलंय, दट्ट्या दाबून कागदातून कॉफी कपात उतरवायची ती नळी. कधी उलटं ठेवून करतो, म्हणजे दट्ट्या खाली आणि मुरल्यावर कपावर पालथं, कधी सरळ कपावरच. एका सकाळी कॉफी गोडसर लागते, दुसऱ्या सकाळी जिभेवर खरखरीत कडू. पूड तीच, माप तेच. कुठली पद्धत धरू?

टिळकवाडी: उलटीच धरा की. सरळ ठेवलं की ओतता ओतता निम्मं पाणी खाली कपात जातं, तेही कच्चं. उलट्यात सगळी पूड सगळ्या पाण्यात सारखी मुरते. मी चार वर्षं असंच करतो. सरळ काढलेल्या कॉफीला अंगच नसतं.

जांबोटी: गळतं हे खरं, पण निम्मं नाही. मी कप वजनकाट्यावर ठेवून बघितलंय. १५ ग्रॅम पूड, २०० ग्रॅम पाणी. ओतून, ढवळून होईपर्यंत वीसेक ग्रॅम खाली आलं. मग दट्ट्या बोटभर आत सारला आणि केसभर वर ओढला, की गळणं थांबलं. लहानपणी पपईच्या देठाची नळी पाण्यात बुडवून वरचं तोंड बोटानं दाबायचो, तेव्हा पाणी आत धरून राहायचं ना, तसंच हे. एकदा गळती थांबली की पुढचा दीड मिनिट दोन्ही पद्धतींत पूड सारखीच भिजते.

चिकोडीकर, तुम्ही दाबता किती सेकंदांत, ते सांगितलं नाहीत. माझा संशय तिथंच आहे. गेल्या रविवारी मी दोन कप केले, दोन्ही सरळ, दोन्ही दीड मिनिट मुरवलेले. पहिला अंगाचा भार टाकून दहा सेकंदांत दाबला. दुसऱ्यावर नुसता हात टेकवला, चाळीस सेकंद लागले. पहिल्याच्या तळाला बोटाला लागेल एवढा गाळ होता आणि घोट गिळल्यावर जीभ कोरडी पडली. दुसरा नितळ. जोरानं दाबलं की पुडीचा थर घट्ट बसतो, पाणी सगळ्या थरातून न जाता जिथं फट मिळेल तिथून सुटतं आणि पिठूळ कण सोबत ओढतं. चोथा बाहेर ढकलून बघा. कडेला खड्डा किंवा एक बाजू चिखलासारखी ओली दिसली, तर पाण्यानं चोरवाट धरली असं समजा.

निपाणी: आमच्याकडं तर दट्ट्या खालीच जात नाही हो! बाजारातली चिकोरी घातलेली फिल्टर पूड वापरते. काल ह्यांनी उभं राहून जोर लावला, कप सरकला आणि सगळी कॉफी ओट्यावर.

जांबोटी: ताई, ती पूड पितळी फिल्टरसाठी दळलेली असते, थेंब थेंब उतरायला. इथं ती कागदावर चिकटून बसते. डिकॉक्शन फिल्टरमध्येच काढा. ह्याच्यासाठी चिकोरीशिवायची, बारीक रव्याएवढी पूड घ्या. आणि अडलं तर जोर वाढवू नका. दहा सेकंद थांबा, आपोआप सुटतं.

शहापूर: उलट्याबद्दल एक सांगते. माझं मनगट भाजलंय. रबर जेमतेम आत होतं, पालथं करताना निसटलं. आता दट्ट्या दोन बोटं तरी आत ठेवते, टोपी लावल्यावर फेस वर दिसेपर्यंत आतली हवा काढते आणि कप वर पालथा घालून दोन्ही एकदम फिरवते. लॉजच्या डुगडुगत्या टेबलावर मात्र सरळच.

टिळकवाडी: सुरक्षेचं मान्य. पण जांबोटीदादा, तुमचं गणित मला पटत नाही. लवकर दाबलं तर पाणी पुडीत कमी वेळ राहतं, म्हणजे कॉफी फिकी, आंबटसर व्हायला हवी. कडू कशी? माझी पंधरा सेकंदांत दाबलेली पातळच येते.

जांबोटी: तुमची पूड जाड आहे का? जाड पुडीत पाण्याला अडथळाच नसतो, ते भरकन निघून जातं, मग तुम्ही म्हणता तसंच होणार. माझी बारीक होती, म्हणून थर दबला. आणि हळू म्हणजे दोन मिनिटं लावायची असंही नाही, तेवढा वेळ ती मुरतच राहते. मी तीस-चाळीसच्या पुढं जात नाही आणि हवेचा ‘स्स’ आला की हात काढतो.

चिकोडी: आज बायकोला खुणा न सांगता कप दिले. उलटा-सरळ तिला ओळखता आला नाही. दहा सेकंदांचा मात्र दोन्ही वेळा वास घेऊन, एका घोटात बाजूला काढला. म्हणजे घाईच्या सकाळी मीच रेटत होतो. पूड माझी बारीकच आहे.

टिळकवाडी: दोन वेळांवरून काय कळणार? माझ्याकडं जाड पूड आहे. रविवारी पाच-पाच कप करतो, उलटे आणि सरळ, सगळे तीस सेकंदांत दाबून. अजूनही माझं मत उलट्याकडंच आहे.