मदत हवी आहे: तेव्हा निळा दिसणारा साप्ताहिक बार आता लाल का दिसतोय? (इम्पल्स सिस्टीम)

बागायतदार_देवगड

नमस्कार मंडळी. देवगडला आंब्याची कलमं आहेत. हंगामाचे पैसे आले की त्यातला थोडा भाग शेअर्समध्ये घालतो. दिवसा बागेत असतो, त्यामुळे चार्ट बघणं होतं ते रात्री जेवण झाल्यावर. दोन वर्षं इम्पल्स सिस्टीम वापरतोय. १३ चा ईएमए आणि मॅकडीचा हिस्टोग्राम दोन्ही वर जात असतील तर बार हिरवा, दोन्ही खाली तर लाल, एक वर एक खाली असेल तर निळा. आठवड्याचा किंवा दिवसाचा, कुठलाही बार लाल असेल तर खरेदी करायची नाही हा माझा नियम. तो मी आजवर मोडलेला नाही.

आता अडचण सांगतो. एका मिडकॅप शेअरमध्ये बुधवारी ४२३ ला १०० शेअर घेतले. दिवसाचा बार हिरवा होता, आठवड्याचा निळा. दोन्ही मी डोळ्यांनी बघितले, वहीतही लिहिलेत. स्टॉप ४०५. शुक्रवारी शेअर ४१४ ला बंद झाला आणि पुढच्या आठवड्यात स्टॉप लागला. १८०० रुपये गेले. पैशांचं एवढं काही नाही. पण काल तोच चार्ट उघडला तर त्या बुधवारच्या मागे आठवड्याची पट्टी लाल! सोमवारपासूनच लाल. म्हणजे सिस्टीमने खरेदी अडवली होती आणि मी तरी घेतली असं दिसतंय. मी चुकीचं बघितलं होतं का? वहीत तर स्पष्ट 'निळा' लिहिलंय.

ट्रेडिंगव्ह्यूवर भाच्याने लिहून दिलेला कोड हा:

```
//@version=5
indicator("Impulse", overlay=true)
e = ta.ema(close, 13)
[m, s, h] = ta.macd(close, 12, 26, 9)
d = e > e[1] and h > h[1] ? 1 : e < e[1] and h < h[1] ? -1 : 0
w = request.security(syminfo.tickerid, "W", d, lookahead=barmerge.lookahead_on)
barcolor(d == 1 ? color.green : d == -1 ? color.red : color.blue)
bgcolor(w == -1 ? color.new(color.red, 85) : na)
```

---

शेअरभाऊ

दादा, बार बंद व्हायच्या आधी रंग बघायचाच नाही, हे पहिलं. आठवड्याचा रंग शुक्रवारी साडेतीन नंतरच खरा. बुधवारी जे दिसलं ते अर्धवट होतं, म्हणून बदललं.

दुसरं, कोडमध्येही चूक आहे. `h > h[1]` नाही, `h > 0` पाहिजे. हिस्टोग्राम शून्याच्या वर असेल तर तेजी, खाली असेल तर मंदी. हिरवा आला की घ्यायचं, लाल आला की विकायचं, इतकं सोपं आहे ते.

---

मच्छीवाला_मालवण

माझो पण ह्योच त्रास! मी १५ मिनिटांच्या चार्टवर करतंय आणि वरचो चार्ट एक तासाचो. दुपारी रंग एक, संध्याकाळी दुसरो. लिलाव आटोपून घराक येवन बसतंय तवसर सगळा बदललेला. माका वाटता एक तासाचो काढून दोन तासाचो लावलो तर रंग कमी बदलतले. कोणी करून बघितलासा काय?

---

सागरवेळ

बागायतदार, तुम्ही बुधवारी बरोबरच बघितलंत. वही खरी आहे, आजचा चार्ट खोटा. दोष शेवटून तिसऱ्या ओळीत आहे.

`lookahead_on` लिहून `d` तसाच दिला की जुन्या दिवसांवर त्या आठवड्याचा अंतिम रंग सोमवारपासूनच छापला जातो. शुक्रवारी काय होणार हे सोमवारच्या बारला आधीच ठाऊक असल्यासारखं. चालू आठवड्यात मात्र भविष्य कुणाकडेच नसतं, त्यामुळे तिथे जसजसा भाव हलेल तसतसा रंग हलतो. तुम्ही बुधवारी हलता रंग बघितलात आणि काल बघितलात तो मागाहून रंगवलेला.

शेअरभाऊंचं पहिलं म्हणणं बरोबर आहे. दुसरं नाही. हिस्टोग्राम शून्याच्या वर आहे की खाली हा इथे प्रश्नच नाही, तो मागच्या बारपेक्षा वर आहे की खाली एवढंच बघायचं. `h > 0` केलंत तर मोठ्या पडझडीनंतर हिस्टोग्राम खोलातून वर यायला लागला तरी लाल आठवडेच्या आठवडे हटणार नाही. आणि हिरवा म्हणजे 'घ्या' नव्हे. हिरव्यात शॉर्ट करायचं नाही, लालमध्ये घ्यायचं नाही, निळ्यात दोन्हीला मोकळीक. ही सिस्टीम फक्त नाही म्हणते. घ्यायचं कारण दुसरीकडून आणावं लागतं.

आता तुमचा बुधवार हातानेच तपासू. त्या शेअरचे आदल्या शुक्रवारचे साप्ताहिक आकडे द्याल का? १३ चा ईएमए, १२ चा, २६ चा, मॅकडी आणि हिस्टोग्राम.

---

बागायतदार_देवगड

ताई, आत्ताच काढले. १३ चा ४२०, १२ चा ४२१, २६ चा ४०७. मॅकडी १४, हिस्टोग्राम ६. त्याच्या आधीच्या आठवड्यात हिस्टोग्राम ६.८ होता. बाकी आकडे पैसे सोडून पूर्ण लिहिलेत. तो आठवडाही निळाच होता.

---

सागरवेळ

छान. दोन भाग वेगळे करू.

ईएमएचा उतार ही वाटते तेवढी गूढ गोष्ट नाही. १३ चा ईएमए म्हणजे मागचा ईएमए, अधिक नवा भाव आणि मागचा ईएमए यांच्यातल्या फरकाचा सातवा हिस्सा. त्यामुळे नवा भाव मागच्या ईएमएच्या वर असेल तर रेघ चढते, खाली असेल तर उतरते. दुसरं काही नाही. तुमच्या आठवड्याची ती सीमा होती ४२०. बुधवारी ४२३ होता, म्हणून चढती. शुक्रवारी ४१४, म्हणून उतरती.

हिस्टोग्रामला थोडा हिशोब लागतो. १२, २६, ९ घेतल्यावर असं निघतं की हिस्टोग्राम वाढायला नवा मॅकडी मागच्या मॅकडीपेक्षा मागच्या हिस्टोग्रामच्या एक चतुर्थांशाने तरी जास्त असावा लागतो. तुमचा मॅकडी १४, हिस्टोग्राम ६, त्याचा चौथा हिस्सा दीड. म्हणजे मॅकडीने साडेपंधरा ओलांडायला हवं होतं. तुमच्या दोन ईएमएंवरून भाव काढला तर त्यासाठी शेअर आठवड्याअखेर साधारण ४५३ च्या वर बंद व्हायला हवा होता. ४२३ वर हिस्टोग्राम घसरतच होता.

म्हणजे बुधवारी बार निळा होता तो फक्त तीन रुपयांच्या आधारावर. हिस्टोग्राम आधीच खाली, ईएमए ४२० वर टेकलेला. भाव ४२० च्या खाली बंद झाला की लाल. चार्टवर हा निळा आणि भक्कम निळा सारखेच दिसतात, रंगात अंतर दिसत नाही. तुमचा स्टॉप ४०५ आणि लाल होण्याची जागा ४२०. घेतानाच हे समोर असतं तर कदाचित थांबला असतात.

कोडची ओळ अशी करा:

```
w = request.security(syminfo.tickerid, "W", d[1], lookahead=barmerge.lookahead_on)
```

आता `[1]` मुळे शेवटचा पूर्ण झालेला आठवडाच दिसेल, आणि जुना चार्ट नि चालू चार्ट एकच बोलतील.

---

बागायतदार_देवगड

ताई, तीन रुपयांचं लक्षात आलं. पण मग एक प्रश्न. मागचा पूर्ण आठवडा निळाच होता. म्हणजे तुमच्या ओळीनेही बुधवारची खरेदी अडवली गेली नसती?

---

सागरवेळ

नसती. तो सौदा नियमात होता आणि तोट्यात गेला, त्यात तुमची शिस्त मोडली नाही. उलट काळजीची गोष्ट दुसरी आहे. दोन वर्षांचे जुने सौदे तुम्ही या चार्टवर बघून 'सिस्टीमने अडवले असते' असं लिहिलं असेल तर ती यादी पुन्हा काढा. आठवडा पडणार आहे हे माहीत असलेल्या रंगाने अडवलेले सौदे त्यात आहेत.

---

शेअरभाऊ

ताई, चौथ्या हिश्श्याचं मी दोन शेअर्सवर पडताळलं, बरोबर येतंय. आणि हिस्टोग्राम उणे असेल तर? उणे ४ असेल तर मॅकडी आणखी अर्धा खाली गेला तरी हिस्टोग्राम वरच जाणार?

---

सागरवेळ

हो. उणे ४ चा चौथा हिस्सा उणे एक, त्यामुळे मॅकडी एकपेक्षा कमी घसरला तर हिस्टोग्राम चढतो. म्हणूनच पडझडीत भाव खाली जात असतानाच लाल सुटून निळा येतो. `h > 0` ने हेच हरवतं. उलट बाजूने, चांगली तेजी चालू असताना हिस्टोग्राम मोठा असला की नुसतं वर जाऊन भागत नाही, वेगात वर जावं लागतं, म्हणून वर जाणाऱ्या शेअरमध्येही निळे बार भरपूर दिसतात.

मच्छीवाले, तुमचा त्रास निम्मा हाच, निम्मा वेगळा. वरचा चार्ट खालच्याच्या पाचपट ठेवायची पद्धत आहे, म्हणून १५ मिनिटांना ७५ मिनिटं लावा. सव्वानऊ ते साडेतीन म्हणजे ३७५ मिनिटं, त्यात ७५ चे बरोबर पाच बार बसतात. एक तासाचे लावले तर दिवसाचा शेवटचा बार १५ मिनिटांचाच उरतो, आणि त्या तुटक्या बारचा रंगही पूर्ण बारइतकाच मोजला जातो. दोन तासांचे लावले तरी शेवटचा बार १५ मिनिटांचाच उरतो, आणि पूर्ण बारच्या मानाने तो आणखी तोकडा. शिवाय तुमच्याही कोडमध्ये `[1]` आहे का ते बघा.

---

मच्छीवाला_मालवण

७५ चा ठावक नव्हता. आज लावतंय. `[1]` काय नाय माझ्या कोडात.

---

बागायतदार_देवगड

रात्री बसून वहीतले ३१ सौदे नव्या ओळीने पुन्हा तपासले. आधी ९ सौदे 'अडवले असते' असं लिहिलं होतं. त्यातले खरोखर अडवले गेले असते असे २ निघाले. उरलेल्या ७ पैकी ५ तोट्याचे. माझा सगळा विश्वास त्या ९ वर होता.

आता अडलोय ते इथे. पूर्ण झालेल्या आठवड्याचा रंग वापरला तर बातमी जवळजवळ आठवडाभर शिळी. गुरुवारी शेअर कोसळला तरी चार्ट निळाच सांगत राहणार. चालू आठवड्याचा वापरला तर रंग हलणार, पण ४२० सारखी सीमा हाताशी आहे. खरेदीसाठी दोन्हींपैकी एकही रंग लाल नसावा असं धरू का?

---

सागरवेळ

मी तसंच करते. मागचा आठवडा आणि चालू आठवडा, दोन्हींपैकी एकही लाल नको, आणि चालूच्या बाबतीत ईएमएची सीमा किती जवळ आहे ते आकड्यात लिहून ठेवते. पण यात चांगले सौदेही अडतात, आणि किती अडतात हे मी पुरेशा शेअर्सवर मोजलेलं नाही.

---

शेअरभाऊ

मला दोन्ही लावणं पटत नाही. चालू आठवड्याचा रंग हलता असल्यामुळे सोमवारी एक-दोन रुपयांच्या झुळुकीनेही लाल होतो आणि दुपारी परत निळा. मी शुक्रवारच्याच रंगावर राहीन, शिळा तर शिळा.

---

बागायतदार_देवगड

भाच्याला `[1]` चं सांगितलंय. फवारणी आटोपली की ३१ सौदे दोन्ही प्रकारे मांडून इथे टाकतो. तोपर्यंत कुणाकडे साप्ताहिक सीमेचा भाव चार्टवरच रेघ म्हणून काढणारी ओळ असेल तर द्या, रोज रात्री हातानं काढायला नको.