विषय: मास्तरांना मेल पाठवायची आहे, एकदा नजर टाका

केतकी, सोमवार २१ सप्टेंबर

मंडळी,
बेळगावच्या मास्तरांशी दसऱ्यानंतर पेटीचा ऑनलाइन वर्ग सुरू करायचं बोलणं झालंय, फक्त नीट लिहून पाठव म्हणालेत. मसुदा असा आहे:

"आदरणीय मास्तर, सा. न. वि. वि. मला आपल्याकडे पेटी शिकायची आहे. आपल्याला सोयीची असेल ती वेळ मी पाळीन. दर शनिवारी सकाळी साडेसहाला मी न चुकता हजर राहीन आणि रोज एक तास रियाज करीन. आपल्या वेळेतला फरक साडेनऊ तासांचा आहे. आपली, केतकी."

काही राहिलंय का? उद्या पाठवायची आहे.

प्रसाद

मस्त आहे की. वेळेची काळजी करू नकोस, गुगल कॅलेंडरमध्ये टाकून त्यांना आमंत्रण पाठव. नोव्हेंबरमध्ये घड्याळं बदलली की कॅलेंडर आपोआप बदलतं, कुणाला काही करावं लागत नाही.

अनंतकाका

केतकी, उद्या पाठवू नकोस गं. त्या मेलमध्ये चार गोष्टी आहेत आणि चारही पुढे अडतील.

पहिली, "शनिवारी सकाळी" कुणाच्या? बेळगावात शनिवारी सकाळचे साडेसहा म्हणजे तुझ्याकडे न्यू जर्सीत शुक्रवारी रात्रीचे नऊ. तू नुसतं "शनिवारी" लिहिलंस की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी एक दिवस चुकणार. दोन्ही वार लिही.

दुसरी, साडेनऊ तास हे फक्त १ नोव्हेंबरपर्यंत. त्या रविवारी तुमचं घड्याळ एक तास मागं जातं, भारताचं जात नाही, म्हणून फरक साडेदहा होतो. तो थेट १४ मार्चपर्यंत. मास्तरांचे साडेसहा तेच ठेवलेस तर तुझे रात्रीचे नऊ नाहीत, आठ होतात. तुझे नऊ ठेवलेस तर मास्तरांचे साडेसात होतात, आणि साडेसातला त्यांच्याकडं गल्लीतल्या मुलांची बॅच बसते. म्हणजे हलायचं तुलाच. हिवाळ्याचे साडेचार महिने शुक्रवारी आठला तू खरंच मोकळी असतेस काय?

प्रसाद, तुझं अर्धं बरोबर आहे. कॅलेंडर बदलतं, पण कुणाचं बदलतं हे तू ती नोंद कुठल्या वेळेत केलीस त्यावर ठरतं. केतकीनं तिथल्या वेळेत नऊ लावले तर १ नोव्हेंबरनंतर मास्तरांच्या फोनवर ते साडेसात दिसणार. नोंद करताना वेळ-विभागात Asia/Kolkata निवडायचं, म्हणजे त्यांचे साडेसहा हलत नाहीत आणि तुझ्याकडचे नऊ आठ होतात. आणि मास्तर कॅलेंडर उघडत नाहीत, भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीनं लिहितात. तेव्हा तारखा मेलमध्येच दे.

बाकीच्या दोन गोष्टी संध्याकाळी लिहितो.

संतोष (लीड्स)

आमच्याकडे तर २५ ऑक्टोबरलाच बदलतं आणि फरक साडेचारचा साडेपाच होतो. तबल्याचं कोण शिकवतं? माझ्या मुलाला आठ वर्षं पुरी झाली, वर्ग सुरू होतोय तर त्यालाही घाला.

शैलजा

संतोष, हा मंडळाचा वर्ग नव्हे, केतकीचा खासगी आहे. त्यावरूनच सांगते: मंडळाचं झूम खातं फक्त मंडळाच्या वर्गांना. मागच्या वेळी कुणी कुणी वापरलं आणि गुढीपाडव्याच्या बैठकीत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. केतकी, फुकटचं झूम चाळीस मिनिटांनी बंद होतं, ते धरून ठरव.

अनंतकाका

शैलजाताई, चाळीस मिनिटं पुरतात. पेटीवर पाऊण तास नवं घेतलं तर बोटं तरी थकतात नाहीतर कान. पाच मिनिटं आधी थांबायचं एवढं ठरवा.

आता तिसरी गोष्ट, "न चुकता". केतकी, तुझी ऑन-कॉलची पाळी दर पाचव्या आठवड्याला येते असं तूच म्हणालेली. मी कागदावर मोजून बघितलं. २४ ऑक्टोबर ते ३० जानेवारी या काळात पंधरा शनिवार येतात. पुढची पाळी ३१ ऑक्टोबरच्या आठवड्यात धरली तर ३१ ऑक्टोबर, ५ डिसेंबर, ९ जानेवारी हे तीन गेले. ८ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, म्हणजे ७ तारखेला मास्तरांच्या घरी फराळाची गडबड, तो गेला. २६ डिसेंबरला तुम्ही प्रवासात. राहिले दहा. पंधरा कबूल करून दहा देणं आणि दहा कबूल करून दहा देणं, मास्तरांच्या लेखी यात फार फरक आहे. ते पहाटे उठून पेटी पुसून, दार लावून बसतात. न सांगता राहिलीस तर त्यांचा तो तास दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

त्यातही बघ, २४ ऑक्टोबरनंतर सलग दोन शनिवार बुडतात, आणि पुढचा वर्ग १४ नोव्हेंबरला, म्हणजे घड्याळ बदलल्यानंतरचा पहिलाच. तीन आठवड्यांची खाडी आणि वर नवी वेळ. हाच वर्ग चुकण्याची भीती सगळ्यात जास्त. माझं मत, २४ ला नुसता आवाज तपासा आणि शिकायला १४ पासून सुरुवात करा.

केतकी

काका, नवरात्रात सुरू केलं तर? ११ ऑक्टोबर रविवार आहे, १७ चा शनिवार मोकळा आहे माझा.

अनंतकाका

नवरात्रात पहाटे दुर्गामाता दौड असते गं, विसरलीस काय. साडेसहाला गल्लीतून घोषणा चालू असतात, मास्तर स्वतः दारात रांगोळी बघायला उभे असतात. दसऱ्यानंतरच.

चौथी गोष्ट आवाजाची. झूम माणसाच्या बोलण्यासाठी बनवलंय. एकसारखा लांबट आवाज आला की त्याला तो पंख्याचा आवाज वाटतो आणि तो दाबून टाकतो. पेटीचा सूर म्हणजे नेमका तसला आवाज. तू सा धरशील, तुझ्या कानाला भरून येईल, आणि मास्तरांना दोन-तीन सेकंदांत विरलेला ऐकू येईल. मग ते म्हणणार भाता नीट ओढ, आणि तू उगाच जोर लावत बसशील. भात्याचा दोष नसताना भाता बिघडतो तो असा. ऑडिओच्या सेटिंगमध्ये Original sound for musicians चालू करायचं, आणि मीटिंग सुरू झाल्यावर वरच्या कोपऱ्यात तेच बटण दिसतं ते परत चालू आहे का बघायचं. हे दोन्ही बाजूंना करायला हवं, एका बाजूला करून भागत नाही. तपासायची रीत सोपी: एक सा दहा सेकंद धर, मास्तरांना विचार शेवटपर्यंत सारखा आला का. मध्येच बारीक झाला तर अजून दाबतोय.

हेडफोन वायरचा घे. ब्लूटूथचा माइक चालू झाला की आवाज टेलिफोनसारखा होतो.

प्रसाद

व्हॉट्सॲपवरच घ्यावा की. मास्तरांना तेच येतं, झूम शिकवत कोण बसणार?

अनंतकाका

व्हॉट्सॲपवर झूमसारखं संगीतासाठीचं बटण नाही बाबा. बोलायला ते बरं. मास्तरांकडं झूम घालून द्यायला त्यांचा नातू आहे, शनिवारी घरी असतो.

आणि एक, एकत्र वाजवायचं मनातसुद्धा आणू नका. आवाज इथून तिथं जाऊन परत यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागतो. मध्यलय तीनताल, मिनिटाला एकशेवीस मात्रा धर, एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. म्हणजे मास्तरांच्या ठेक्याबरोबर तू बरोबर वाजवलंस तरी त्यांना तू एक मात्रा मागं ऐकू येतेस. ते तुला चुकतेस म्हणतील, तू पुढं पळशील. ठेका तुझ्याच खोलीत लाव, म्हणजे ठेका आणि पेटी त्यांना जोडीनं पोहोचतात. ते वाजवून दाखवतील तेव्हा ठेका त्यांच्याकडं आणि तू म्यूट. हे मेलमध्ये एका ओळीत लिही, नाहीतर मांडीवर ताल धरायची त्यांची सवय आहे, ती तुला गोंधळात टाकणार.

शैलजा

पण बुडालेल्या वर्गाची फी? मंडळाच्या वर्गात आम्ही हजेरीप्रमाणे देतो. तुम्ही महिन्याची देऊ लागलात तर उद्या आमच्या शिक्षकांनीही मागितली म्हणजे?

केतकी

शैलजाताई, ते मास्तरांवर सोडलंय. सगळ्यांचं धरून परत लिहिलं. काका, आता बघा:

"आदरणीय मास्तर,

सा. न. वि. वि. मला आपल्याकडे पेटी शिकायची आहे. बेळगावची शनिवारची सकाळ साडेसहा, म्हणजे माझी शुक्रवारची रात्र, ही वेळ धरून लिहिते. आपली वेळ बारा महिने साडेसहाच राहील. माझे आता नऊ वाजलेले असतील, १ नोव्हेंबरनंतर आठ. आठला मुलाचं जेवण असतं, ते त्या दिवशी घरात दुसरं कुणी बघेल, तसं ठरलं आहे.

दर आठवड्याला जमेल असं मी म्हणत नाही. माझ्या नोकरीत दर पाचव्या आठवड्याला रात्री कामावर बोलावणं येऊ शकतं. म्हणून जानेवारीअखेरपर्यंतच्या माझ्या खात्रीच्या तारखा देते: नोव्हेंबर १४, २१, २८, डिसेंबर १२, १९, जानेवारी २, १६, २३, ३०. २४ ऑक्टोबरला पंधरा मिनिटं फक्त आवाज जुळवूया. फेब्रुवारीच्या तारखा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कळवीन.

अचानक अडचण आली तर आपल्याकडच्या शुक्रवारी रात्री नऊच्या आत आपल्याला व्हॉट्सॲप करीन. त्यानंतर कळवलं तर तो वर्ग झाला असं धरावं. दिलेल्या तारखांपैकी सलग दोन चुकल्या तर माझी वेळ खुशाल दुसऱ्या विद्यार्थ्याला द्यावी.

रियाज रोज एक तास होणार नाही. आठवड्यातून चार दिवस अर्धा तास होईल. आपण दिलेल्या पलट्याचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग आपल्या शुक्रवारी सकाळपर्यंत पाठवीन, म्हणजे वर्गाचा वेळ मागचं ऐकण्यात जाणार नाही. ठेका माझ्याकडे लावीन, आपण ताल धरू नये ही विनंती, कारण तो मला उशिरा पोहोचतो. पावसात वीज गेली तर पंधरा मिनिटं वाट बघून मी बंद करीन, तो वर्ग माझ्या बाजूने बुडाला असं धरू नये. फी महिन्याची की वर्गाची, हे आपण सांगाल तसं.

आपली, केतकी"

अनंतकाका

बरी झाली. तारखा दहा म्हणालो होतो, तुझ्या नऊच भरतात, कारण २४ आता आवाजात गेली. फक्त "ताल धरू नये ही विनंती" हे मीच लिही म्हणालो होतो, पण मेलमध्ये नको, मास्तरांना टोचेल. ते २४ ला बोलून सांग, वाजवून दाखवलंस की त्यांना लगेच कळेल. आणि सलग दोनची अट तू स्वतः घातलीस ते चांगलं. पण फेब्रुवारीत ते त्यांच्या परीक्षेच्या मुलांत अडकायला लागतात, तेव्हा साडेसहा राहतात की नाही हे आत्ता विचारून घे.

संतोष (लीड्स)

तबल्याचं कुणी सांगितलंच नाही.

केतकी

ताल काढला, बाकी पाठवली. मास्तरांचं उत्तर आलं: "२४ ला बघू. पेटी दुहेरी रीडची आहे की तिहेरी? फोन बोटांच्या वर टांगायची सोय कर, समोरून बोटं दिसत नाहीत. फीचं मग बोलू."

फोन टांगायला कुणाकडे जुना स्टँड आहे का? एडिसनच्या जवळपास.

शैलजा

मंडळाचा आहे, गणपतीच्या सामानात. पण परत हवा, दिवाळीच्या कार्यक्रमाच्या आधी.