मदत हवी आहे: दोन मिनिटांची खारूताईची गोष्ट, पण प्रत्येक चित्रात खार वेगळीच!

सुगरण_नाशिक

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी चार ते सहा वर्षांची वीस-बावीस मुलं गोष्ट ऐकायला येतात. यंदा त्यांना पडद्यावर दोन मिनिटांची छोटी फिल्म दाखवायचं मनात आहे. चित्रं एआयच्या चित्र-टूलमधून काढायची, आवाज माझा आणि माझ्या भाच्याचा.

गोष्ट अशी: द्राक्षबागेत एक खार राहते. ती सगळे घड ओढून आपल्या ढोलीत भरते, कुणाला एक मणी देत नाही. बुलबुल मागतो, हिचं उत्तर "माझी ढोली, माझी द्राक्षं!" मग द्राक्षं सडतात. शिवाय गोष्टीत एक आळशी कासव आहे, एक खोटारडा कावळा आहे, आणि शेवटी घुबड आजोबा सगळ्यांना समजावतात. लिहून झाली तेव्हा ५२० शब्द भरले.

अडचण चित्रांची. पहिल्या चित्रात खार तांबडी, कानांवर केसांचे झुपके. दुसऱ्यात पट्टे आले, पण गालांवरसुद्धा आले. तिसऱ्यात तिला निळं जाकीट, जे मी मागितलंच नव्हतं. आणि बुलबुलाबरोबर काढली तर त्याच्या बुडाखालचा लाल डाग खारीच्या शेपटीखाली! मुलं मला सोडतील का? दोन आठवडे आहेत हातात.

बिट्टूचे_बाबा

ताई, सोप्पं आहे. सीड नंबर एकच ठेवा. मी मुलाच्या वाढदिवसाच्या कार्डाला तेच केलं, वाघ अगदी सेम टू सेम आला. वर्णनाच्या शेवटी एवढं टाका:

```
--seed 4521
```

मांडवाखालून

दिंडोरी तालुक्यातून लिहितोय, चार एकर बाग आहे. खारींचा त्रास असेल तर आधी ठिबकच्या नळ्या बघा. द्राक्षं त्या कमीच खातात, नळ्या कुरतडून ठेवतात. एका उन्हाळ्यात माझ्या दोन ओळी कोरड्या राहिल्या, मला वाटलं पंप गेला. पाखरांसाठी जाळी टाकता येते, खारीला जाळीचं काय कौतुक? तीही कुरतडते. कोणी काही उपाय सांगितला तर मलाही हवा आहे.

सुगरण_नाशिक

काका, माझी खार चित्रातली आहे हो! 😄

रेघोट्या

मी पंधरा वर्षं लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, अलीकडे अशी टूलंही वापरते. ताई, चित्रांआधी तुमची गोष्ट आवरू.

लहान मुलांना वाचून दाखवताना मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द पुरतात. म्हणजे दोन मिनिटांत जेमतेम दोनशे. तुमच्या ५२० शब्दांत तीन गोष्टी आहेत: वाटून न खाणारी खार, आळशी कासव, खोटारडा कावळा. पाच वर्षांच्या मुलाला "मग काय शिकलास?" विचारलं तर तो कासवाचं नाव घेईल, कारण कासव गंमतशीर असतं. कासव आणि कावळा पुढच्या शनिवारांसाठी ठेवा. घुबड आजोबांनाही सुट्टी द्या. तुमचं तात्पर्य त्या ढोलीतच आहे, फक्त ते दिसायला हवं.

ढोलीचं एकच चित्र तीनदा दाखवा. पहिल्यांदा हिरव्या द्राक्षांनी गच्च भरलेली, खार वर ऐटीत बसलेली. दुसऱ्यांदा तीच चौकट, पण द्राक्षं तपकिरी, चिलटं घोंघावतायत, खार नाक दाबून बाहेर. तिसऱ्यांदा ढोली रिकामी, आणि खाली खार-बुलबुल एकाच घडातले मणी खातायत. झाडाचं खोड, फांदी, ढोलीचं तोंड, काहीच हलवायचं नाही. मूल फरक आपोआप शोधतं, त्याला सांगावं लागत नाही.

आता खार. सीडबद्दल बिट्टूच्या बाबांचं अर्धं बरोबर आहे. सीड म्हणजे टूल ज्या ठिपक्या-ठिपक्यांच्या गोंधळातून चित्र सुरू करतं, तो गोंधळ. वाक्य तेच असेल तर चित्र जवळपास तेच येतं. पण "खार झाडावर" ऐवजी "खार ढोलीत रडतेय" लिहिलं की गोंधळ तोच, चित्र दुसरं. कार्डाला एकच चित्र होतं म्हणून जमलं. तुम्हाला चौदा-पंधरा लागतील.

तांबडी खार का येते, तर इंग्रजीत नुसतं squirrel लिहिलं की टूलच्या डोक्यात युरोप-अमेरिकेची खार असते. पट्टे मागितले की ते चिपमंककडे वळतं. ओळखायची खूण म्हणजे गालांवरचे पट्टे, आपल्या खारीला पट्टे पाठीवर असतात. जाकीटही तसंच, "बोलणारा प्राणी" म्हटलं की टूल त्याला कपडे घालतं. आणि वर्णनात "कपडे नकोत" लिहू नका. बऱ्याच टूलांना त्यातला "कपडे" तेवढा ऐकू येतो. नको असलेल्या गोष्टींचा वेगळा रकाना असेल तर तिथे टाका, नाहीतर "उघडं पोट, मऊ राखाडी केस" असं जे हवं तेच लिहा.

बिट्टूचे_बाबा

अरेच्चा, म्हणून वाघ दुसऱ्या कार्डावर बदलला होय! मला वाटलं टूल अपडेट झालं.

रेघोट्या

काम करायचा क्रम सांगते. आधी कागदावर स्वतः काढा, पेन्सिलीने, वाईट आली तरी चालेल. खार म्हणजे उभा पेरू आणि मागे झुपकेदार शेपूट. बुलबुल म्हणजे तिरका त्रिकोण, डोक्यावर लहान तुरा. दोन्ही आतून काळे भरा आणि अंगठ्याच्या नखाएवढे करून बघा. तेव्हाही कोण कोण ते कळलं तर आकार जमला. नाही कळलं तर रंगाने वाचणार नाही, हॉलमध्ये मागच्या रांगेतल्या मुलाला तेवढंच दिसणार आहे.

मग त्या कागदाचा फोटो टूलला नमुना म्हणून द्या आणि कोऱ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर एकटी खार मागवा. वर्णन एवढंच:

```
small Indian palm squirrel, pear-shaped body,
grey-brown fur, cream belly, pale stripes on back only,
bushy tail, flat colours, thick dark outline,
full body, side view, plain white background
```

पसंत पडलेली एक ठेवा. पुढच्या प्रत्येक चित्राला हेच चित्र नमुना म्हणून आणि याच ओळी, शब्दही न बदलता. बदलायचं ते फक्त शेवटी: बसलेली, रडणारी, नाक दाबलेली. grey-brown च्या जागी एकदा brown लिहिलंत की केसांचा रंग सरकतो आणि का सरकला ते शोधत बसाल.

लाल डागाचं उत्तर सगळ्यात सोपं: दोघांना एका चित्रात मागूच नका. वर्णनातला "लाल" कुणाचा, हे टूल गफलत करतं. खार वेगळी काढा, बुलबुल वेगळा, बाग वेगळी, आणि कापून एकावर एक चिकटवा. मागची पांढरी पार्श्वभूमी काढून टाकायची सोय आता फोनवरही असते. सावली मात्र स्वतः टाका, पायाखाली एक पुसट लंबगोल पुरतो. नाहीतर खार हवेत तरंगते.

मांडवाखालून

आता कळलं मला विषय काय तो. ताई, मग बागेचं चित्र टाका ना इथे, बघू.

सुगरण_नाशिक

टाकलंय, बघा. डोंगरउतारावर छान ओळी आल्यात.

मांडवाखालून

ही परदेशातली बाग झाली. गुडघ्याएवढे वेल आणि मागे कौलारू वाडा. आपल्याकडे एकतर मांडव असतो नाहीतर इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा आधार. मांडवात डोक्यावर तारांचं छत, त्यावर पानं, आणि घड वरून खाली लोंबतात. माणूस खालून चालतो. तुमची खार तारेवरून पळेल आणि घड तिच्या पायाखाली लटकेल. बुलबुलही तारेवरच बसतो. आमच्या इकडच्या पोरांना मांडव माहीत आहे, ती लगेच म्हणतील हे आपलं नाही.

अजून एक. ढोलीत ढीग केला तर आधी खालचे मणी चेंगरतात, रस गळतो, आंबूस वास येतो, मग चिलटं आणि मुंग्या. वरचे तेव्हा चांगलेच दिसतात. चित्रात सडकं खालून वर चढवा.

रेघोट्या

काका, तुम्ही गोष्टच सुधारलीत. खार वरून चांगली द्राक्षं बघत खूश आणि खालून मुंग्यांची रांग निघालीय, हे मुलांना तिच्याआधी दिसेल. हॉलमध्ये ओरडतील ती!

शब्दवेडा

पण तात्पर्य म्हणून काही असावं की नाही? आमच्या लहानपणी प्रत्येक गोष्टीखाली ठळक अक्षरात "तात्पर्य" असायचं आणि आम्ही ते पाठ करायचो. "वाटून खावे" एवढं तरी पडद्यावर येऊ द्या.

रेघोट्या

पाठ करायचो हे खरं, पण मला गोष्टी आठवतात, तात्पर्यं नाही. घालायचंच असेल तर अक्षरं चित्र-टूलकडून काढून घेऊ नका. देवनागरीत बऱ्याचदा घोळ होतो, वेलांट्या भलत्याच ठिकाणी येतात, जोडाक्षरं तर विचारू नका. नंतर व्हिडिओत टाइप करा. माझ्या मते नकोच.

शब्दवेडा

मला हवंच वाटतं. पालकही बघणार आहेत.

सुगरण_नाशिक

चार दिवसांनी आले. खूप आभार सगळ्यांचे. गोष्ट १९० शब्दांवर आणली, पात्रं तीन: खार, बुलबुल, आणि एक मुंगी, जी म्हणते, "खारूताई, आम्हाला बोलावलंस ना? वास तर तसाच आला!" भाचा हे वाक्य इतकं मनापासून म्हणतो की मुंगी ठेवावीच लागली. मांडवाचं चित्र टूलला काही केल्या जमेना, मग काकांनी पाठवलेला बागेचा फोटो नमुना म्हणून दिला, तेव्हा आलं.

बोलण्यासाठी तोंड बंद आणि तोंड उघडं अशी दोन-दोन चित्रं केली. पूर्ण चित्र पुन्हा मागवलं तर खार बदलते, म्हणून फक्त तोंडाचा भाग निवडून तेवढाच बदलून घेतला. सेकंदाला सहा वेळा अदलाबदल केली तर बुलबुल बोलतोय असं खरंच वाटतं. खारीचं मात्र तोंड इतकं लहान की काही दिसतच नाही. तिची शेपूट हलवून भागवलं.

आता एकच राहिलंय, पट्टे. चौदा चित्रांत कुठे तीन, कुठे चार, एकात सहा. पंचवटीतून दोन मुली येतात, त्यांना आजीने रामाच्या बोटांचे तीन पट्टे सांगितलेत. त्या मोजणार म्हणजे मोजणार.

रेघोट्या

मोजणं टूलला जमत नाही, आकडा लिहून फार फरक पडायचा नाही. मूळ चित्रातले पट्टे पुसून घ्या, खार साधी राखाडी ठेवा, आणि पट्टे शेवटी प्रत्येक चित्रात स्वतः ब्रशने ओढा. चौदा चित्रं म्हणजे तासाभराचं काम.

शब्दवेडा

पण पाच पट्ट्यांचीही खार असते ना? नाशिकची कुठली?

मांडवाखालून

उद्या सकाळी ठिबक बघायला जातोय. दिसली तर मोजतो. थांबली पाहिजे ती पण.