ऑनलाइन व्याख्यानाची सुरुवात: अर्ध्या श्रोत्यांकडे सकाळ, अर्ध्यांकडे मध्यरात्र. नमस्कार कसा करता? अनुभव सांगा

सड्यावरची

रत्नागिरीजवळच्या सड्यांवरची कातळशिल्पं दाखवत मी गेल्या वर्षी दोन ऑनलाइन व्याख्यानं दिली, 1 आणि 8 नोव्हेंबरला. दोन्ही शनिवार, आपल्याकडे संध्याकाळी साडेसात. शाळेत तीस वर्षं शिकवलंय, बोलायची भीती नाही, पण पहिल्याच वाक्याला घसरले.

म्हटलं, "शुभ संध्याकाळ! न्यू जर्सीत सकाळचे दहा, लंडनला दुपारचे तीन, दुबईला सहा, मेलबर्नला रात्रीचा एक. सर्वांचं स्वागत!" आदल्या रात्री वहीत नीट लिहून काढलं होतं. लगेच लंडनच्या एका बाईंनी लिहिलं, "ताई, इथे दोन वाजलेत." मी गडबडले आणि पहिलं चित्र दाखवायचं सोडून वेळा दुरुस्त करत बसले. मेलबर्नचा भाचा नंतर म्हणाला, "मावशी, रात्रीचा एक बरोबर, पण माझ्याकडे रविवार उजाडला होता. तू 'आजच्या शनिवारी' म्हणालीस."

शेवटी "पुढच्या शनिवारी याच वेळी भेटू" म्हणून निरोप घेतला. 8 तारखेला न्यू जर्सीची चौघं बरोबर तासभर उशिरा आली. मी आभार मानत होते आणि ती नमस्कार करत होती!

तुमचं असं काही झालंय का? आता सुरुवात कशी करता?

हर्णैचा खलाशी

ताई, तुमची वही चुकली नव्हती, तारीख आडवी आली. युरोपातली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे जातात, अमेरिकेतली नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. 2025 मध्ये ते रविवार होते 26 ऑक्टोबर आणि 2 नोव्हेंबर. तुमचं पहिलं व्याख्यान नेमकं त्या मधल्या आठवड्यात आलं. लंडन बदललं होतं, न्यू जर्सी बदलायचं होतं. आठ दिवसांनी न्यू जर्सीही बदललं, म्हणजे आपले साडेसात त्यांचे नऊ झाले. ती चौघं तुमच्या शब्दावर विसंबून दहाला आली. त्यांची काय चूक?

मी बावीस वर्षं बोटीवर होतो. घड्याळ मागे-पुढे करण्यात आयुष्य गेलं. त्यातून एकच कळलं, ज्याची वेळ त्याला माहीत असते. मेलबर्नच्या माणसाला मेलबर्नमध्ये किती वाजले ते तुम्ही कशाला सांगता? त्याला तुमच्याकडे किती वाजले ते हवं असतं. मी एवढंच म्हणतो: "नमस्कार मंडळी. मी हर्णैहून बोलतोय. इथे शनिवार आहे, संध्याकाळचे साडेसात, बाहेर काळोख झालाय." चुकायला जागाच नाही. नंतर रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यालाही ते खरंच वाटतं.

गुहागरकर

एवढा घोळ कशाला? सरळ लंडनची वेळ सांगायची. ती म्हणजे जीएमटी, जगभर तीच धरतात. आपण तिच्या साडेपाच तास पुढे, विषय संपला.

हर्णैचा खलाशी

साडेपाच तास बरोबर, पण लंडन म्हणजे जीएमटी हे फक्त हिवाळ्यात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन स्वतःच जीएमटीच्या तासभर पुढे असतं. जुलैत "लंडन वेळ" म्हणालात तर दोन वेगळे अर्थ निघतील. घड्याळ न हलवणाऱ्या जागेला खुंटी ठोकावी. भारत हलत नाही, दुबई हलत नाही. म्हणून निरोपाला "याच वेळी" नाही, "भारतातल्या साडेसातला" म्हणायचं. आणि आमंत्रण कॅलेंडरमधून पाठवत असाल तर वेळेचा विभाग `Asia/Kolkata` ठेवा, पुढचं गणित ज्याचा त्याचा फोन करतो.

देवगडची सून

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. माझी मुलगी टोरोंटोला असते. सासूबाई तिला "सकाळी सकाळी फोन करते गो" म्हणून आपल्या सकाळी सातला करतात, म्हणजे तिकडे रात्रीचे साडेनऊ, थंडीत साडेआठ. नातवाला नुकता झोपवलेला असतो. आजीला कसं समजवायचं? तिला वाटतं सूर्य सगळीकडे एकदमच उगवतो.

सड्यावरची

वहिनी, हे व्याख्यानाच्या नमस्काराबद्दल चाललंय हो! पण आजींच्या भिंतीवर दुसरं घड्याळ लावून त्याखाली नातवाचा फोटो लावा. आमच्या शेजारणीने असंच केलं, आता ती आधी फोटोकडे बघते.

मालवणी कुवेतकर

मी कुवेतात नोकरी करतंय, अशी व्याख्यानां ऐकतंय. वेळेपेक्षा वार जास्त टोचतो. कोकणातून एक गृहस्थ दर रविवारी सुरू करायचे, "आजच्या निवांत सुट्टीच्या दिवशी...". माका हसू यायचा. आमची सुट्टी शुक्रवार-शनिवार, रविवारी आम्ही कामावर. दुबईवाल्यांचा 2022 पासून शनिवार-रविवार झाला, आमचा नाय. एकदा त्यांका कळवलंय, तर पुढच्या वेळी "आखाती देशातल्या बंधूंनो, तुमची सुट्टी नसूनही" म्हणाले. आता दुबईवाले रुसले!

ऋतूचाही तसाच. नोव्हेंबरात "या गुलाबी थंडीत" म्हणू नकात, ऑस्ट्रेलियात तेव्हा उन्हाळा तापायला लागलेला असतो.

आवाजवाला, चिपळूण

मी अशा कार्यक्रमांचं तांत्रिक बघतो. वक्ते पहिल्याच मिनिटाला विचारतात, "कुठून कुठून ऐकताय, लिहा बघू," आणि गप्प बसून वाट बघतात. यूट्यूबवर थेट चालू असेल तर तुमचा आवाज त्यांच्याकडे काही सेकंद उशिरा पोचतो, मग ते टाइप करणार. उत्तर येईपर्यंत वक्ता घामाघूम. म्हणतो, "कोणी आहे का?" कळायला सोपं आहे: आधी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही पुढच्या विषयावर गेल्यावर दिसलं, तर अंतर मोठं आहे. माझा उपाय म्हणजे प्रश्न टाकायचा आणि तसंच पुढे बोलायचं. गावांची नावं पाचेक मिनिटांनी, पहिल्या चित्रानंतर घ्यायची. झूमवर हा त्रास फार कमी.

दुसरं, "अजून लोक येताहेत, पाच मिनिटं थांबूया" हे बंद करा. मेलबर्नचा माणूस रात्री एकला डोळे ताणून बसलाय, वेळेवर आल्याची शिक्षा त्यालाच? मी वेळेआधी दहा मिनिटं पडद्यावर एक चित्र आणि भारतातली वेळ ठेवतो. साडेसात वाजले की सुरू.

हर्णैचा खलाशी

नावं वाचण्याला माझा विरोध आहे. वीस गावं वाचलीत की एकविसावा दुखावतो.

सड्यावरची

इथे मी तुमच्याशी सहमत नाही, काका. 8 तारखेला मी तुमच्यासारखंच फक्त "रत्नागिरीहून बोलतेय, इथे संध्याकाळ आहे" म्हटलं. सोपं गेलं, चूक नाही. पण मस्कतचे एक आजोबा नंतर म्हणाले, मागच्या वेळी तुम्ही मस्कतचं नाव घेतलंत तेव्हा बायकोला हाक मारून बोलावलं होतं. यंदा मी नावं वाचणार आहे, वेळा नाही. कोणी राहिलंच तर शेवटी परत विचारीन.

आवाजवाला, चिपळूण

ताई, मग नावं चहाच्या कपाजवळ कागदावर लिहून घ्या. पडद्यावर बघत वाचायला गेलात की निम्मी वर सरकून जातात. आणि इन्व्हर्टर चार्ज आहे ना, ते आदल्या दिवशी बघा.

मालवणी कुवेतकर

पुढचा व्याख्यान कधी? वार सांगा, वेळ मी काढीन.